रेकॉर्डेड लेक्चर संपताना हातात उजळणीचं पान हवं

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्या मी बरीच वर्षं पाहतो आहे. रेकॉर्डेड लेक्चर लावून काढलेली वही लगेच ओळखू येते. त्यात शिक्षकांची वाक्यं जशीच्या तशी उतरलेली असतात, अक्षर सुरुवातीला सुबक आणि शेवटी घाईचं असतं, आणि एका लेक्चरची सात-आठ पानं भरलेली असतात. त्या पानांवरचं काही विचारलं की उत्तर येतं, "हे झालंय सर, पण आत्ता आठवत नाही." पुढे परीक्षा जवळ आली की ही सात-आठ पानं वाचायला वेळ नसतो. मग तेच लेक्चर दुप्पट स्पीडने पुन्हा लावलं जातं.

या लेखात मी एकच लेक्चर घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं पाहायचं ते सांगणार आहे. विषय राज्यघटनेचा, मुद्दा धन विधेयकाचा. राज्यसेवा, संयुक्त परीक्षा, यूपीएससी सगळीकडे हा मुद्दा येतो, आणि यात आकडे, अपवाद, तुलना असं सगळं असल्यामुळे पद्धत नीट दाखवता येते. लेक्चर ५२ मिनिटांचं आहे असं धरू. शेवटी आपल्याकडे वहीचं एकच पान राहील, आणि त्या लेक्चरकडे पुन्हा जावं लागणार नाही.

प्ले करण्याआधीची पाच मिनिटं

आधीच्या प्रश्नपत्रिकांमधून या मुद्द्यावरचे तीन-चार प्रश्न काढा आणि वहीत वर लिहून ठेवा. उत्तरं येत नसली तरी चालेल. धन विधेयकावर साधारण असे प्रश्न असतात: धन विधेयक आहे की नाही हे कोण ठरवतं, राज्यसभा ते किती दिवस रोखू शकते, त्यावर संयुक्त बैठक होते का, राष्ट्रपती ते परत पाठवू शकतात का. हे प्रश्न डोक्यात असले की शिक्षक बोलताना कान आपोआप टवकारतात. ते नसले तर सगळी वाक्यं सारखीच महत्त्वाची वाटतात, आणि मग सगळंच उतरवलं जातं.

दुसरं काम म्हणजे लेक्चरवर एक नजर फिरवणं. यूट्यूबवर लॅपटॉपने पाहत असाल तर `1` ते `9` हे आकडे दाबून पाहा. `1` दाबलं की व्हिडिओ १० टक्क्यांवर जातो, `5` दाबलं की मध्यावर. प्रत्येक ठिकाणी फळ्यावर काय लिहिलंय ते बघितलं की लेक्चरचे भाग लक्षात येतात. आपल्या उदाहरणात चार भाग दिसले: व्याख्या, संसदेतली प्रक्रिया, सर्वसाधारण विधेयकाशी तुलना आणि राज्याचं विधिमंडळ. व्हिडिओखाली शिक्षकांनी वेळेनुसार मुद्दे दिले असतील तर हे काम अर्ध्या मिनिटात होतं. क्लासच्या ॲपवर पाहत असाल तर खालची पट्टी बोटाने सरकवत तेच करा.

आता वहीचं कोरं पान घ्या आणि त्यावर चार भागांची नावं जागा सोडून लिहा. पेन खाली ठेवा.

स्पीड किती ठेवायचा

यावर मुलं फार वाद घालतात, आणि बहुतेकांचा निर्णय शेजारचा किती स्पीडने पाहतो यावर ठरतो. खरं तर तो दोन गोष्टींवर ठरतो: शिक्षक किती संथ बोलतात, आणि या क्षणी फळ्यावर काय चाललंय.

मराठीतून शिकवणारे बरेच शिक्षक एक वाक्य दोनदा म्हणतात, मध्ये थांबतात, फळ्यावर लिहिताना तेच शब्द पुन्हा उच्चारतात. अशा लेक्चरला १.२५ किंवा १.५ स्पीड सहज पेलतो. उलट काही शिक्षक मुळातच झपाझप बोलतात, त्यांना १.२५ सुद्धा जास्त होतो. म्हणून पहिली दोन मिनिटं साध्या स्पीडने ऐका, मग पाव-पाव वाढवा. दर वेळी वाढवल्यावर मध्येच कुठेतरी थांबवा आणि शेवटचं वाक्य आपल्या शब्दांत मोठ्याने म्हणून पाहा. म्हणता आलं तर स्पीड ठीक आहे. शब्द कानावर पडले पण वाक्य जोडता येत नसेल तर एक पायरी खाली या. यूट्यूबवर `Shift` धरून `>` दाबलं की स्पीड वाढतो आणि `<` दाबलं की कमी होतो. डाउनलोड केलेला व्हिडिओ व्हीएलसीमध्ये असेल तर `]` ने वाढतो, `[` ने कमी होतो आणि `=` दाबलं की पूर्ववत होतो.

हिंदीतून शिकवलेलं लेक्चर पाहणाऱ्यांनी मात्र एक पायरी कमीच ठेवावी. हिंदी सगळ्यांना कळतं, पण पारिभाषिक शब्द मराठी पेपरमधल्या शब्दाशी मनातल्या मनात जुळवण्यात अर्धा सेकंद जातो, आणि दीडपट स्पीडला तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकाच लेक्चरमध्ये स्पीड बदलता ठेवायचा असतो. धन विधेयकाच्या लेक्चरची पहिली चार मिनिटं बहुधा मागच्या तासाची उजळणी असतात, ती १.७५ ने जाऊ द्या. कलम ११० मधले मुद्दे सुरू झाले की १.२५ वर या. "मात्र", "अपवाद", "याउलट", "फक्त" हे शब्द ऐकू आले की साधा स्पीड करा, कारण प्रश्न तिथूनच निघतात. परीक्षेत राज्यसभेचे १४ दिवस विचारतील आणि पर्यायात ३० दिवस, ३ महिने, ६ महिने देतील. हा आकडा घाईत ऐकला तर चारही पर्याय ओळखीचे वाटतील.

वेग वाढवल्याने समज कमी होते का, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतल्या संशोधकांनी २०२१ साली प्रयोग प्रसिद्ध केले. दीडपट आणि दुप्पट वेगाने पाहणाऱ्यांचे गुण साध्या वेगाने पाहणाऱ्यांपेक्षा फारसे कमी आले नाहीत, अडीचपट वेगाला मात्र घसरले. मुलं हे दाखवून दुप्पट स्पीडचं समर्थन करतात. पण ते व्हिडिओ छोटे होते, आणि आपण दिवसाला तीन-तीन तास घटना, अर्थशास्त्र, भूगोल ऐकत असतो. तिसऱ्या तासाचा दुप्पट स्पीड आणि पहिल्या पंधरा मिनिटांचा दुप्पट स्पीड एक नव्हे.

स्पीड जास्त झालाय हे ओळखायची सोपी खूण आहे: तुम्ही वारंवार मागे जाता. दर दोन मिनिटांनी दहा सेकंद मागे जावं लागत असेल तर वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो, शिवाय विचाराचा धागा तुटतो तो वेगळाच.

थांबायचं कुठे

या सगळ्या पद्धतीचा कणा इथे आहे. बहुतेक जण लिहून घ्यायला थांबतात. शिक्षकांनी वाक्य म्हटलं की पॉज, वाक्य उतरवलं की प्ले. अशाने ५२ मिनिटांच्या लेक्चरला दोन तास लागतात आणि डोकं एकदाही चालत नाही, कारण लिहिताना वाक्य कानात ताजं असतं. ते आठवावं लागत नाही, फक्त कागदावर उतरवायचं असतं.

थांबायचं ते एक भाग पूर्ण झाल्यावर, साधारण सहा ते दहा मिनिटांनी. भाग संपल्याची चाहूल शिक्षकच देतात. "ठीक आहे? आलं लक्षात?" असं म्हणतात, पाणी पितात, फळा पुसायला वळतात किंवा स्लाइड बदलतात. फळा पुसायच्या आत यूट्यूबवर `K` दाबून व्हिडिओ थांबवा. तोवर पेन खालीच असतं. फार तर एखादा आकडा किंवा कलम क्रमांक समासात टिपायचा, त्याहून जास्त नाही.

थांबवलं की लॅपटॉप अर्धा मिटा किंवा मोबाइल पालथा ठेवा. हे मी मुद्दाम सांगतो. स्क्रीनवर फळा दिसत राहिला तर डोळे तिकडे जातातच, आणि आठवण्याऐवजी नक्कल होते. आता त्या भागातलं जे आठवतं ते निळ्या पेनने लिहा. तीन मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. वाक्यं पूर्ण नसली तरी चालतील. आठवत नसेल तिथे जागा सोडा आणि "?" करा.

मग स्क्रीन उघडा. फळा अजून तसाच असतो. लाल पेनने चुका दुरुस्त करा आणि राहिलेलं भरा. फळ्यावर नसलेली गोष्ट तपासायची असेल तर `J` ने दहा-दहा सेकंद मागे जा, मोबाइलवर स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप करा. पूर्ण भाग पुन्हा ऐकायचा नाही, फक्त अडलेली जागा ऐकायची.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली जवळपास हेच करून पाहिलं होतं. २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं. काहींची प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी घेतली, काहींना तोच मजकूर पुन्हा वाचायला दिला. चाचणी दिलेल्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी नोट्स जास्त काढल्या आणि शेवटच्या तुकड्यावरचे प्रश्न त्यांना जास्त चांगले सोडवता आले. पुन्हा वाचणाऱ्यांना हा फायदा मिळाला नाही. स्क्रीन मिटून लिहिलेली तीन मिनिटं ही तुमची तीच चाचणी.

उदाहरण: दुसऱ्या भागाचा पॉज

संसदेतली प्रक्रिया सांगणारा भाग संपला आणि एका विद्यार्थ्याने स्क्रीन मिटून हे लिहिलं असं समजा:

> फक्त लोकसभेत मांडतात.
> राष्ट्रपतींची शिफारस लागते.
> राज्यसभा — १४ दिवस. सुधारणा करू शकत नाही.
> १४ दिवसांत परत केलं नाही तर संयुक्त बैठक.
> राष्ट्रपती — संमती देतात किंवा एकदा परत पाठवतात.
> अध्यक्षांचं प्रमाणपत्र — कधी?

लॅपटॉप उघडून तपासल्यावर पहिल्या दोन ओळी बरोबर निघाल्या. तिसरी अर्धी बरोबर आहे. राज्यसभा स्वतः बदल करू शकत नाही, पण शिफारशी करू शकते, आणि त्या स्वीकारायच्या की नाकारायच्या हे लोकसभा ठरवते. चौथी ओळ चूक आहे. राज्यसभेने १४ दिवसांत विधेयक परत केलं नाही तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केलं असं मानलं जातं. कलम १०८ मधली संयुक्त बैठक धन विधेयकाला लागूच नाही. पाचवी ओळही चूक. कलम १११ प्रमाणे राष्ट्रपती संमती देऊ शकतात किंवा रोखू शकतात, पण फेरविचारासाठी परत पाठवणं धन विधेयकाच्या बाबतीत चालत नाही. सहाव्या ओळीचं उत्तर असं की, विधेयक राज्यसभेकडे जाताना आणि राष्ट्रपतींपुढे ठेवताना त्यावर लोकसभा अध्यक्षांचं प्रमाणपत्र असतं.

या दोन चुका कुठून आल्या ते पाहा. विद्यार्थ्याने सर्वसाधारण विधेयकाची प्रक्रिया धन विधेयकाला चिकटवली आहे. लेक्चर सलग पाहिलं असतं तर ही गल्लत त्याला कळलीच नसती, कारण ऐकताना शिक्षकांचं प्रत्येक वाक्य पटतच होतं. ती कळली परीक्षेत असती, आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुणही कापले जातात. आता त्याच्याकडे लाल शाईत दोन ओळी आहेत, आणि तिसऱ्या भागातली तुलना तो याच दोन ओळी मनात ठेवून ऐकणार आहे.

लाल शाईत तीन प्रकारच्या गोष्टी येतात आणि त्यांना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते. राहून गेलेली गोष्ट नुसती भरायची. चुकीची गोष्ट भरायची आणि शेजारी "कशाशी गल्लत" ते लिहायचं, इथे "सर्वसाधारण विधेयकाशी". आणि जी गोष्ट दोनदा ऐकूनही कळत नाही, तिच्यापुढे व्हिडिओची वेळ लिहून पुढे जायचं, जसं "२३:४०, वित्तीय विधेयक आणि धन विधेयक यातला फरक". अशा जागी वीस मिनिटं रुतून बसू नका. बऱ्याचदा पुढच्या भागात तीच गाठ सुटते. नाही सुटली तर पुस्तक उघडायचं असतं, त्याच शिक्षकांना तिसऱ्यांदा ऐकून फारसं हाती लागत नाही.

वेळेचा हिशेब मांडू. ५२ मिनिटांचं लेक्चर सरासरी १.२५ ने सुमारे ४२ मिनिटांत होतं. चार पॉज, प्रत्येकी चार मिनिटं धरली तर १६. आधीची पाच आणि शेवटी पान बनवायला बारा. एकूण ७५ मिनिटं. सलग पाहण्यापेक्षा २३ मिनिटं जास्त, पण थांबून-थांबून उतरवण्यापेक्षा बरीच कमी.

कच्च्या पानाचं उजळणीचं पान

हे काम त्याच दिवशी व्हायला हवं, शक्यतो लेक्चर संपल्यावर अर्ध्या तासात. चहा घेऊन आलात तरी चालेल, पण पुढचं लेक्चर लावू नका. दुसऱ्या दिवशी बसलात तर स्वतःचेच तुटक शब्द कळत नाहीत आणि व्हिडिओ पुन्हा उघडावा लागतो.

पान उभं दुभागा. डावीकडचा एक तृतीयांश भाग प्रश्नांसाठी, उजवीकडचा उत्तरांसाठी. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी मांडलेली नोट्सची मांडणी हीच. फरक एवढाच की आपण ती लेक्चर चालू असताना न भरता नंतर भरतो. सगळं कच्चं पान उतरवायचं नाही. लाल शाईत जे आहे ते सगळं घ्यायचं, निळ्यातलं फक्त तेवढंच जे नसलं तर लाल ओळ समजणार नाही. जे तुम्हाला आधीच येत होतं आणि न अडखळता आठवलं, ते या पानावर येऊ नये.

आपल्या लेक्चरचं पान असं होईल:

| प्रश्न | उत्तर |
|---|---|
| धन विधेयक कोण ठरवतं? | लोकसभा अध्यक्ष, निर्णय अंतिम. क. ११०(३) |
| फक्त या कारणावरून धन विधेयक ठरत नाही? | दंड, परवाना शुल्क, सेवा शुल्क, स्थानिक संस्थेचा कर. क. ११०(२) |
| राज्यसभा काय करू शकते? | १४ दिवस, फक्त शिफारशी. मुदत उलटली तर संमत मानतात. क. १०९ |
| संयुक्त बैठक? | नाही. (गल्लत: सर्वसाधारण वि. ला आहे, क. १०८) |
| आजवर संयुक्त बैठकीत संमत? | हुंडाबंदी १९६१, बँकिंग सेवा आयोग रद्द १९७८, पोटा २००२ |
| राष्ट्रपती परत पाठवू शकतात? | नाही. संमती देणं किंवा रोखणं. क. १११ |
| विधान परिषद: धन वि. / सर्वसाधारण वि. | १४ दिवस / आधी ३ महिने, मग १ महिना. क. १९८, १९७ |
| राज्यात संयुक्त बैठक? | तरतूदच नाही, विधानसभेचं म्हणणं अंतिम |

आठ ओळी, एक पान. कलम ११० मधली धन विधेयकाच्या विषयांची यादी मी इथे मुद्दाम घेतलेली नाही. कर, कर्ज, संचित निधी, आकस्मिकता निधी हे विषय पुस्तकात एका जागी व्यवस्थित आहेत. उजळणीच्या पानावर "विषय: पुस्तक पान अमुक" एवढी खूण पुरते. लांबलचक याद्या पानावर आल्या की पान भरतं आणि नजर लाल ओळींवर ठरत नाही.

डावीकडचे प्रश्न लिहिताना "धन विधेयकाची माहिती" असला मोघम मथळा नको. ज्याचं उत्तर दहा सेकंदांत देता येईल किंवा येत नाही हे कळेल, असाच प्रश्न हवा. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे पानाच्या तळाशी एक मोठा प्रश्नही लिहून ठेवा, उदाहरणार्थ "धन विधेयकाच्या संदर्भात राज्यसभेचे स्थान तपासा", आणि त्याखाली उत्तराचे चार-पाच मुद्दे फक्त शब्दांत. हा प्रश्न लेक्चरमध्ये नसेल, तो तुम्ही तयार करायचा.

पान पक्कं करण्याआधी कलमं आणि आकडे पुस्तकातून किंवा राज्यघटनेच्या मूळ मजकुरातून पडताळा. बोलण्याच्या ओघात चांगल्या शिक्षकांच्याही तोंडून १०९ च्या जागी ११९ निघून जातं, आणि आपण ते लाल शाईत आयुष्यभरासाठी कोरून ठेवतो.

कळीच्या जागेची वेळ जपायची असेल तर यूट्यूबच्या पत्त्याच्या शेवटी सेकंद जोडता येतात. २३:४० म्हणजे १४२० सेकंद, म्हणून `&t=1420s`. पत्त्यात आधी `?` नसेल तर `&` च्या जागी `?` घाला. मोबाइलवरच्या नोट्समध्ये ही एक ओळ ठेवली की तीन महिन्यांनीही थेट त्या वाक्यावर जाता येतं.

स्क्रीनशॉट आणि तयार पीडीएफ

स्क्रीनशॉट काढताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं. गॅलरीत चारशे फळे साठतात, त्यांची नावं नसतात, क्रम नसतो आणि परीक्षेआधी कोणी ते उघडत नाही. माझा नियम असा की एका लेक्चरला एकच स्क्रीनशॉट, तोही नकाशा किंवा आकृतीचा, आणि त्याच संध्याकाळी तो हाताने वहीत काढून गॅलरीतून पुसायचा. भूगोलात नद्यांची खोरी किंवा विज्ञानात एखादी आकृती असेल तर हे चालतं. शब्दांनी भरलेल्या स्लाइडचा फोटो काढू नये.

शिक्षक देतात ती पीडीएफ चांगली असते, फक्त ती उघडायची वेळ चुकते. लेक्चर चालू असताना ती शेजारी उघडी ठेवली तर पॉजला काही अर्थच उरत नाही. लाल पेनची वेळ आली की ती उघडा, फळ्यापेक्षा तपासायला तीच सोयीची.

गणित आणि बुद्धिमत्तेचं लेक्चर

इथे थांबायची जागा बदलते. घटनेच्या लेक्चरला भाग संपल्यावर थांबायचं, गणिताला उदाहरण फळ्यावर लिहून झालं की लगेच. शिक्षकांनी लिहिलं: एक काम अ १२ दिवसांत आणि ब १८ दिवसांत करतो, दोघं मिळून किती दिवसांत करतील? इथेच `K`. तीन मिनिटं स्वतः सोडवा. उत्तर ७.२ दिवस येतं का ते पाहा, मग प्ले करून शिक्षकांची रीत बघा. तुमची रीत लांबलचक असेल आणि त्यांची दोन ओळींची, तर वहीत फक्त त्यांची ती ओळ घ्या: लसावि ३६ एकक काम, रोजचं ३ अधिक २, ३६ भागिले ५. सोडवलेली उदाहरणं उतरवून काही मिळत नाही. उजळणीच्या पानावर उदाहरण उत्तराशिवाय लिहायचं आणि उत्तर पानामागे.

साठलेली लेक्चर्स

सगळ्यात जास्त मुलं इथे अडतात. बॅच पुढे गेली, ॲपवर पस्तीस लेक्चर्स शिल्लक आहेत, आणि मग दुप्पट स्पीडने रोज पाच संपवायचं ठरतं. अशा वेळी क्रम उलटा करा. लेक्चर लावण्याआधीच त्या मुद्द्याचं कोरं पान घ्या आणि पाच मिनिटांत जे येतं ते लिहा. पुस्तक वाचलेलं असेल तर बरंच येईल. मग जिथे "?" आहेत तेवढेच भाग व्हिडिओत शोधा आणि साध्या स्पीडने बघा. यूट्यूबवर लेक्चरचा लिखित मजकूर उपलब्ध असेल तर वर्णनाच्या खाली तो उघडता येतो, त्यात शब्द शोधून थेट त्या मिनिटावर जाता येतं. मराठी बोलण्याचा आपोआप तयार झालेला मजकूर मात्र शब्दांचे तुकडे पाडतो, त्यामुळे "संयुक्त बैठक" शोधून मिळालं नाही तर नुसतं "बैठक" शोधा.

ज्या मुद्द्याचं पान जवळपास भरलं, त्याचं लेक्चर पाहायचंच नाही. ते ॲपवर अपूर्ण दिसत राहील, दिसू द्या. कोरं राहिलेलं पान मात्र संपूर्ण लेक्चर मागतं, आणि त्याला दिवसातला ताजा वेळ द्यावा, रात्री अकरानंतरचा नव्हे.

पान वापरायचं कसं

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा भाग हाताने झाकून डावीकडचे प्रश्न विचारत जा. आठ ओळींना तीन मिनिटं लागतात. आलं त्यापुढे टिंब, चुकलं त्यापुढे फुली. मग तीन-चार दिवसांनी पुन्हा, आणि मग आठवड्याने. लागोपाठ तीन टिंबं मिळालेली ओळ सोडून द्या, तिच्यावर वेळ घालवू नका. लागोपाठ दोन फुल्या मिळालेली ओळ बघा: बहुतेक वेळा प्रश्नच मोघम असतो, किंवा ती दुसऱ्या एखाद्या ओळीशी गुंतलेली असते. विधान परिषदेचे ३ महिने आणि १ महिना, राज्यसभेचे १४ दिवस आणि सर्वसाधारण विधेयकासाठीचे ६ महिने हे चार आकडे असेच गुंततात. ते वेगवेगळ्या ओळींत ठेवण्यापेक्षा एका छोट्या चौकोनात शेजारी-शेजारी लिहा, वर केंद्र आणि राज्य, बाजूला धन आणि सर्वसाधारण. ती फुली बहुधा तिथेच थांबते. तरीही चुकत राहिलं तर पानावर टिपलेल्या वेळेवर जाऊन तेवढी दोन मिनिटं ऐका, आणि पुन्हा स्क्रीन मिटून लिहा.